ग्रहणातला चंद्र तांबडा का होतो?

मी जयपूरच्या तिलक नगरमधून बोलतोय. आज एकच प्रश्न घेऊ. खग्रास चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या सावलीत पूर्ण बुडतो. मग तो काळाठिक्कर व्हायला हवा. तांबडा का दिसतो?

उदाहरण म्हणून 7 सप्टेंबर 2025 ची रात्र घेऊ. ते ग्रहण सगळ्या भारतातून दिसण्यासारखं होतं. रात्री 11 च्या सुमारास चंद्र पूर्ण सावलीत गेला आणि 12 वाजून 22 मिनिटांपर्यंत तिथेच होता. म्हणजे सुमारे 82 मिनिटं त्याच्यावर थेट ऊन पडलं नाही.

आता कल्पना करा, त्या वेळी तुम्ही चंद्रावर उभे आहात. सूर्य पृथ्वीच्या मागे दडलाय, पण पृथ्वीच्या काळ्या चकतीभोवती एक बारीक लालसर कडं चमकतंय. ते कडं म्हणजे आपली हवा. त्या कड्यावर अर्ध्या भागात सूर्य उगवतोय आणि अर्ध्या भागात मावळतोय. पृथ्वीवरचे त्या क्षणाचे सगळे सूर्योदय आणि सूर्यास्त तुम्हाला एकदम दिसताहेत. चंद्राला रंग देणारा उजेड तो हाच.

पण तो सावलीत शिरतो कसा? हवेतून जाताना उजेड वाकतो. क्षितिजालगतचा किरण हवेत शिरून जमिनीपर्यंत येताना अर्ध्या अंशाहून थोडा जास्त वाकतो, आणि पुन्हा बाहेर पडताना तेवढाच. एकूण एक अंशाच्या जरा वर. चंद्रावरून पाहिलं तर पृथ्वीच्या चकतीच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर एक अंशाहून किंचित कमी भरतं. म्हणून हे वाकलेले किरण सावलीच्या अगदी मध्यापर्यंत पोहोचू शकतात.

आता रंगाचं बघू. स्वच्छ हवा धरा. सूर्य डोक्यावर असताना 100 भाग निळ्या उजेडातले सुमारे 20 भाग हवा विखरून टाकते. तांबड्यातले मात्र 5 च. म्हणून तर दिवसा आकाश निळं दिसतं. क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड याच्या सुमारे 38 पट हवेतून येतो. चंद्राकडे जाणारा किरण आत येतो आणि बाहेरही जातो, म्हणजे 76 पट. दर खेपेला 100 तले 95 उरले, असं 76 वेळा केलं तर तांबड्या उजेडाचे 100 तले 2 भाग उरतात. निळ्याचे दर खेपेला 80 उरतात. 76 खेपांनंतर दहा कोटींतले जेमतेम चार! निळा जवळजवळ संपतो, तांबडा थोडा उरतो, आणि तोच चंद्रावर पडतो.

सावलीच्या कडेला मात्र वेगळी गंमत असते. तिथे पोहोचणारे किरण उंचावरच्या विरळ हवेतून, ओझोनच्या थरातून गेलेले असतात. ओझोन नारिंगी-तांबडा उजेड थोडा शोषून घेतो. म्हणून पूर्ण ग्रहण लागताना किंवा सुटताना चंद्राच्या कडेला कधी कधी निळसर झाक दिसते. दुर्बिणीतून ती सहज ओळखू येते.

आता एक गल्लत टाळा. उगवता चंद्र रोजच पिवळा-तांबूस दिसतो, कारण आपण त्याला आपल्याच गावच्या धुळीतून, जाड हवेतून पाहतो. 3 मार्च 2026 च्या ग्रहणात पूर्ण ग्रासलेली अवस्था संध्याकाळी साडेपाचलाच संपली होती. जयपुरात चंद्र उगवला साडेसहाच्या सुमारास. तेव्हा तो उरलंसुरलं खंडग्रास ग्रहण घेऊन वर आला. त्या वेळी कुणाला तांबूस चंद्र दिसला असेल, तर तो रंग आपल्या क्षितिजाचा. उलट 7 सप्टेंबरला ग्रहणमध्याच्या वेळी चंद्र जयपुरात क्षितिजापासून 55 अंश वर होता. तिथला तांबडेपणा ग्रहणाचाच.

हा रंग दर वेळी सारखा नसतो. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि त्याचं गंधकयुक्त धुकं हवेच्या वरच्या थरात पसरलं. दीड वर्षानंतर, 9-10 डिसेंबर 1992 च्या ग्रहणात चंद्र नेहमीपेक्षा कितीतरी काळा दिसला. तांबडा उजेडही वाटेतच अडला होता.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजों यांनी यासाठी 0 ते 4 अशी मोजपट्टी दिली. 0 म्हणजे चंद्र जवळपास दिसेनासा, 1 करडा किंवा तपकिरी, 2 गंजासारखा, 3 विटेसारखा आणि 4 म्हणजे तेजस्वी तांब्याचा, निळसर कडेचा. ग्रहणमध्याला नुसत्या डोळ्यांनी पाहून आकडा ठरवायचा.

31 डिसेंबर 2028 च्या रात्री साडेदहाच्या आसपास भारतातून खग्रास ग्रहण दिसेल. तेव्हा चंद्राला तुमचा आकडा द्या. तो आकडा चंद्राबद्दल कमी आणि आपल्या हवेबद्दल जास्त सांगेल.