अंधारात हरवलेली ईमेलची अक्षरे

समजा, कळमनुरीतल्या एका शिक्षकांना हिंगोलीहून ईमेल आला… मोबाइल डार्क मोडवर आहे… आणि मजकुराच्या जागी नुसता काळोख! मजकूर गेलेला नसतो. पाठवणाऱ्याने तो वर्डमधून चिकटवलेला असतो, आणि सोबत अक्षरांचा काळा रंगही पक्का होऊन येतो. पार्श्वभूमीचा रंग मात्र कुणी ठरवलेलाच नसतो. डार्क मोड ती काळी करतो… अक्षरे काळीच राहतात.

कुणी म्हणेल, मग अक्षरे पांढरीच पाठवा. पण उजळ पडद्यावर तीही दिसणार नाहीत! काही ॲप अक्षरांचा रंग आपोआप उलटवतात, काही नाही. म्हणून पाठवणाऱ्याने एक तर दोन्ही रंग ठरवावेत… नाही तर एकही नाही. दुसरा मार्ग सोपा. संगणकावर चिकटवताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही ही बटणे एकत्र दाबा. बहुतेक ब्राउझरमध्ये मग नुसता मजकूर येतो, रंग येत नाही.

वाचणाऱ्याने काय करावे? रिकाम्या जागी बोट दाबून धरा, मजकूर निवडा… निवडीच्या रंगावर बहुधा अक्षरे उमटतात. किंवा तेवढ्यापुरता डार्क मोड बंद करा. स्कॅन केलेल्या चित्राला मात्र यातले काही लागू नाही.