दोन घरांचा एक आशीर्वाद
(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)



इचोड्यात आपल्या एकाच गल्लीत मराठी, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते. उद्या एखाद्या मराठी घरातली मुलगी आणि मुसलमान घरातला मुलगा लग्न करायचे म्हणाले, तर पहिली अडचण जेवणाची नसते. आशीर्वाद कोणाचा आणि कोणत्या शब्दांत, हीच असते.

आम्हाला वाटते, आधी कायद्याचा भाग नीट समजून घ्यावा. हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. धर्म न बदलता लग्न करायचे तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. आधी नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचे आणि मग विवाह अधिकारी व तीन साक्षीदारांसमोर, दोघांना समजेल त्या भाषेत, एकमेकांचा स्वीकार केल्याचे बोलायचे. लग्न लागते ते या शब्दांनी. विधी हवा तो करा, पण त्यावर लग्न अवलंबून नाही.

म्हणजे आशीर्वादाला लग्न लावण्याचे काम उरत नाही. त्यामुळे कन्यादान आणि इजाब-कबूल दोन्ही बाजूला ठेवता येतात. वाद होतो तो तिथेच, कारण त्या विधींनी लग्न एका घरच्या रीतीने लागते. उरते ते दोन्हीकडे सारखेच निघते. सप्तपदीत अन्न, बळ, सुख मागत शेवटच्या पावलाला सख्य मागतात. निकाहानंतरच्या दुआत दोघांना बरकत आणि भलाईत एकत्र राहणे मागतात.

जोतीराव फुल्यांनी ही वाट आधीच दाखवली होती. सत्यशोधक पद्धतीच्या मंगलाष्टकांत वधू-वर एकमेकांशी बोलतात. 1891 मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त तर त्यांनी एकाच घरात बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान आणि सत्यधर्मी माणसे प्रेमाने राहतील असे कुटुंब कल्पिले आहे.

नेहमी चुकते ते असे: आधी मंगलाष्टके, नंतर दुआ, आणि मग शेवट कोणाचा यावर रुसवे. किंवा ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’, ज्यात नवऱ्या मुलाला काहीच नाही! आम्ही एक सोपी कसोटी सांगतो. मजकुरात दोन्ही घरांची नावे उलटसुलट करून वाचा. एकही शब्द अडला नाही, तर माप बरोबर आहे.

आमचा मजकूर असा:

“दोन्ही घरच्या थोरांचा हात तुम्हा दोघांच्या डोक्यावर राहो. घरात अन्न असो, आल्यागेल्याला पाणी मिळो. एका घरचा सण आला की दुसरे घर पाहुणे म्हणून नव्हे, हाताला हात लावायला येवो. भांडण झाले तर ते तुमच्या दोघांचेच राहो, दोन घरांचे न होवो. तुम्ही एकमेकांचे सोबती राहा.”

हे वाचायला गुरुजी नको, काझीही नको. एक ओळ मुलीच्या आत्याने वाचावी, पुढची मुलाच्या फुफीने. शेवटची ओळ दोघींनी मिळून म्हणावी.