फेरफार झाला, मालकी झाली का?

समजा वडील वारले आणि तलाठ्याकडे वारस म्हणून फक्त दोन भावांची नावं दिली. नोटीस निघाली, १५ दिवसांत हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला. सातबाऱ्यावर बहिणीचं नावच नाही!

पण तिचा हक्क वडील गेले त्याच क्षणी तयार झाला. तो फेरफाराने पुसला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सावर्णी खटल्यात हेच सांगितलं: फेरफाराने मालकी येत नाही, जातही नाही, सारा कोणी भरायचा एवढंच ठरतं.

मात्र महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानतात. म्हणून बहिणीने प्रांताकडे अपील करावं. भाऊ हक्कच नाकारत असतील तर दिवाणी न्यायालयात जावं. आणि जमीन घेताना नुसता सातबारा पाहू नका, वारसाचा जुना फेरफार काढा. त्यात मुली आहेत का, ते बघा.