तांबी, गोळी की निरोध?
(महिला शिबिरात केलेलं भाषण)

बायांनो आणि मागे बसलेल्या भावांनो,

मागच्या बैठकीत एका बाईने विचारलं, "नर्सबाई तांबी बसव म्हणते. बसवू का?" तिला तीन पोरं. धाकटं दहा महिन्यांचं. दिवाळीनंतर नवरा-बायको वीटभट्टीवर जाणार. आता पोर नको, पण ऑपरेशनही नको. तिचंच उदाहरण घेऊ.

तांबी म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेली छोटी वस्तू. ती पिशवीत बसवतात. तांब्यामुळे पुरुषाचं बीज निकामी होतं. कार्डावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत ती काही वर्षं चालते, रोज आठवण ठेवावी लागत नाही. पण पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोटात कळा येतात. मी त्या बाईची पापणी खाली ओढून पाहिली, आतून पांढरी फटक. चालताना दम लागतो, पाळीही आधीच जास्त जाते. अशा बाईला तांबी बसवली तर अंगातलं रक्त अजून कमी होणार. ज्यांचं रक्त चांगलं आहे त्यांना तांबी सोयीची. पाळी झाल्यावर दोरा हाताला लागतो का बघायचं. लागला नाही, ताप आला, ओटीपोट दुखलं किंवा घाण वासाचं पाणी गेलं तर लगेच दवाखान्यात जायचं.

गोळीने बाईचं बीज तयार होत नाही, आणि पाळीत रक्तही कमी जातं. म्हणून या बाईला गोळी बरी. माला-डीच्या पाकिटात 28 गोळ्या. 21 पांढऱ्या, 7 तपकिरी, त्या लोहाच्या. पाळीच्या पाचव्या दिवसापासून रोज रात्री एक. पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवीन, मध्ये खाडा नाही. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची, त्या दिवशीचीही घ्यायची. सलग दोन चुकल्या तर गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोधही वापरायचा.

सुरुवातीला मळमळ होते, डोकं दुखतं, मधेच थोडं अंगावरून जातं. दोन-तीन महिन्यांत बहुतेक थांबतं. पण छातीत दुखलं, पोटरी सुजली किंवा डोकं फार ठणकलं तर गोळी बंद, दवाखाना गाठायचा. पोर सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल, रक्तदाब जास्त असेल, कावीळ असेल, किंवा पस्तिशीनंतर बिडी ओढत असाल तर ही गोळी नको. टीबीची लाल गोळी चालू असेल तर हिचा गुण येत नाही.

भावांनो, निरोध तुमच्यासाठी. बीज आत जात नाही, रोग लागायचा धोकाही कमी होतो. कुणाला रबराने खाज येते, बाकी त्रास नाही. दर वेळी नवा, टोकातली हवा दाबून काढून घालायचा. खोबरेल लावू नका, रबर फाटतं. उन्हात ठेवू नका.

त्या बाईने रक्तदाब तपासून घेतला, ठीक निघाला. भट्टीवर सात महिने, म्हणून आठ पाकिटं बरोबर घेतली. नवऱ्याने निरोध घेतले, गोळी चुकली तर असावेत म्हणून. नर्सबाईने सगळं सांगावं, पण ठरवायचं बाईने. जमिनीच्या कागदावर न वाचता अंगठा देत नाही, तसंच हेही.

जिंदाबाद!