नोकरीतील खंड : एका ओळीचा खुलासा

घरच्या आजारपणासाठी नोकरी सोडलेला उमेदवार पुन्हा अर्ज करू लागला, की अनुभवाच्या रकान्यापाशी अडखळतो. कोणी मधला काळ कोराच ठेवतो, कोणी जुन्या नोकरीची अखेरची तारीख पुढे ओढतो, तर कोणी आजाराची सारी कहाणी लिहितो.

डिचोली तालुक्यातील एका महिलेचे उदाहरण समजा. ती एका खासगी कारखान्यात लेखा-लिपिक होती. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्याने तिने मार्च २०२१ अखेर नोकरी सोडली. जुलै २०२३ मध्ये अर्ज करताना तिने प्रथम दहा ओळी लिहिल्या. त्यांत आजाराचे नाव, इस्पितळ, झालेला खर्च, दिरांनी न केलेली मदत, सारे आले. वाचणाऱ्याला मात्र हवे होते तेच सापडले नाही. त्याचे प्रश्न तीनच असतात : खंड केव्हा पडला, कशामुळे पडला, आणि आता उमेदवार मोकळा आहे काय?

त्यांची उत्तरे एका ओळीत मावतात : "एप्रिल २०२१ ते जून २०२३ : कुटुंबातील आजारी व्यक्तीच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली होती, आता पूर्णवेळ कामास उपलब्ध." ही ओळ अनुभवाच्या तक्त्यातच, काळाच्या क्रमाने यावी. आजाराचे नाव वगळणे ही लपवाछपवी नव्हे; ती माहिती सासूबाईंची आहे, आणि हिशेब लिहिण्याच्या कामाशी तिचा संबंध नाही.

तारखा मात्र जशाच्या तशा द्याव्यात. जुन्या मालकाचा दाखला आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातील नोंद यांत नोकरी सोडल्याची तारीख असते. ओढलेली तारीख तेथे उघडी पडते, आणि मग खऱ्या कारणावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

ओळीचा शेवटचा भाग खरा असेल तरच लिहावा. आजारपण अजून चालू असेल, तर "घरी देखभालीची व्यवस्था झाली आहे" असे म्हणावे. पण दुपारी घरी जावेच लागत असेल, तर पूर्णवेळ उपलब्ध असल्याचे लिहू नये. वेळेची ती अडचण नेमणुकीपूर्वीच सांगावी.

मुलाखतीत हेच वाक्य बोलावे आणि थांबावे. अधिक खोदून विचारले, तर "तो घरचा खासगी विषय आहे, कामाच्या वेळेसंबंधी अवश्य विचारावे," एवढे नम्र उत्तर पुरे.

या ओळीने खंडाचा उलगडा होतो. कामाची सवय टिकली आहे, हे मात्र तिने सिद्ध होत नाही. त्या महिलेने मधल्या काळात संगणकावरील हिशेबाचा अभ्यासक्रम पुरा केला असेल, तर त्याची नोंद स्वतंत्र ओळीत, शिक्षणाच्या रकान्यात करावी. शुश्रूषेच्या ओळीत ती मिसळू नये.