जुनी आव नावाचा शिक्का



मी आज एकाच तक्रारीबद्दल बोलणार आहे. "डॉक्टर, चार दिवस संडास पातळ होते, मग तीन दिवस होतच नाही, आणि दुपारनंतर पोट नुसतं फुगून येतं." हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. ते सांगणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा जाडजूड फाईल असते आणि तिच्यात कुठेतरी 'जुनी आव' असे लिहिलेले असते. यातल्या बहुसंख्य रुग्णांच्या आतड्यात अमीबा नसतो. तरीही तो शिक्का त्यांना वर्षानुवर्षे औषधे गिळायला लावतो, हे मला आज स्पष्टपणे मांडायचे आहे.

भिलवडीकडच्या एका बाईंची हकिगत सांगतो. वय चौतीस, घरची द्राक्षबाग. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा त्या मुलांसह निवारा केंद्रात होत्या. तिथे त्यांना ताप आणि जुलाब झाले. सलाईन लागले, आठवड्यात त्या बऱ्या झाल्या. पण दिवाळीपर्यंत पोटाने वेगळेच वळण घेतले. सकाळी चहानंतर घाईने तीनदा पातळ संडास, डाव्या बाजूला कळ, संडास झाली की कळ कमी. मग काही दिवस शेळीच्या लेंड्यांसारखे खडे. त्यांनी दोन वर्षांत ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलचे जितके कोर्स घेतले ते मोजायलाही फाईल उलटीसुलटी करावी लागली. प्रत्येक कोर्सचा आधार होता संडासच्या तपासणीतली एक ओळ : अमीबाच्या गाठी आढळल्या.

ती ओळ आपण नीट वाचली पाहिजे. एंटामिबा हिस्टोलिटिका हा रोग करणारा अमीबा आणि एंटामिबा डिस्पार हा निरुपद्रवी अमीबा, दोघांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात. हे दोन वेगळे जीव आहेत हे 1993 पासून पक्के ठरलेले आहे. म्हणजे नुसती गाठ दिसली म्हणून आव सिद्ध होत नाही. तांबड्या पेशी गिळलेला हलता अमीबा दिसला किंवा प्रतिजन चाचणी आली, तर गोष्ट वेगळी. खऱ्या आवेत रक्त आणि शेंब पडतो, कुंथणे असते. आणि महत्त्वाचे म्हणजे, खडे पडण्याचे दिवस आवेच्या चित्रात बसत नाहीत.

मग संसर्ग कधी मानायचा? जंतूंचे जुलाब सहसा दोन आठवड्यांच्या आत आटोपतात. रेंगाळणारा जंतू शोधायचा तर जिआर्डियाकडे पाहावे. संडास घाण वासाची, तेलकट, ढेकर, गुबारा, वजनात घट. त्याच्या गाठी रोज पडत नाहीत, म्हणून एका नमुन्यावर निकाल देऊ नये. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने पाठवावेत. आपल्या भागात याहून मोठी भीती आतड्याच्या क्षयाची आहे. संध्याकाळचा ताप, उतरणारे वजन, पोटात गोळा फिरल्यासारखा आवाज करत येणारी कळ, उजव्या बाजूला खाली हाताला लागणारी गाठ, यांपैकी काहीही असले तर आयबीएस हे नाव तोंडातून काढू नये. रक्त पडणे, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांनाही तोच नियम. आयबीएसचे जुलाब रुग्णाला झोपेतून सहसा उठवत नाहीत. 'रात्री उठावे लागते का' हा एक प्रश्न मला दहा चाचण्यांइतका मोलाचा वाटतो.

या बाईंना रात्री कधीच उठावे लागले नव्हते. जुन्या फाईलमधली वजने ओळीने लावली तर सगळी चोपन्न किलोच्या आसपास. हिमोग्लोबिन, सीआरपी आणि संडासमधले कॅलप्रोटेक्टिन ठीक आले. गहू बंद करण्याआधी सिलिअ‍ॅकची रक्तचाचणी करून घेतली, कारण गहू सोडल्यावर ती फसवी येऊ शकते. तीही ठीक.

राहिला प्रश्न दूध न पचण्याचा. तो घरीच सोडवता येतो. दोन आठवडे दूध, पेढे, खीर पूर्ण बंद, आणि मग एका सकाळी उपाशीपोटी पाव लिटर दूध. लॅक्टोज पचत नसेल तर काही तासांतच पोट गुरगुरते, वारा धरतो, पातळ होते. चहातले दूध किंवा वाटीभर दही अशा माणसालाही बहुधा सोसते, त्यामुळे आयुष्यभर दूध तोडायची गरज क्वचितच पडते. मुख्य फरक असा की इथे त्रास खाण्याशी घड्याळाने बांधलेला असतो. त्यांना दुधाने थोडा गुबारा धरला, पण दूध बंद असतानाही कळ आणि खडे होतेच. म्हणजे दूध हे मूळ नव्हते.

2016 च्या रोम निकषांत आयबीएससाठी पोटदुखी आवश्यक धरली आहे. गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी दुखणे, ते संडासशी जोडलेले असणे, संडासची संख्या बदलणे आणि तिचे रूप बदलणे यांपैकी किमान दोन गोष्टी, आणि सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची. हे सगळे इथे होते. जंतूंच्या जुलाबांनंतर साधारण दहातल्या एकाला असा त्रास मागे राहतो. जंतू निघून जातो, पण आतड्याच्या नसा हळव्या राहतात आणि नेहमीचा वारासुद्धा दुखतो. पुन्हा प्रतिजैविक देऊन हा हळवेपणा जात नाही.

पुढची पायरी आपण बहुतेकदा गाळतो. मी त्यांना दोन आठवडे जुलाब थांबवण्याची गोळी आणि पोट साफ करण्याचे चूर्ण, दोन्ही बंद करायला सांगितले. रोज वहीत संडासचे रूप लिहायचे : खडे, मऊ की पातळ. वहीतून दिसले की पातळ झाले की त्या लोपेरामाइड घेत होत्या, त्याने तुंबले की सोनामुखीचे चूर्ण, आणि त्याने पुन्हा पातळ. आलटून-पालटून होणाऱ्या त्रासातला मोठा वाटा औषधांचाच होता. औषधांशिवाय खडे आणि पातळ दोन्ही राहिले, पण हेलकावे बरेच लहान झाले.

उपचार साधा होता. इसबगोल अर्ध्या चमच्यापासून, पेलाभर पाण्यात कालवून लगेच, दर आठवड्याला थोडे वाढवत. गव्हाचा कोंडा नाही, त्याने गुबारा वाढतो. चपातीऐवजी ज्वारीची भाकरी. कच्चा कांदा, मटकी आणि घेवडा तीन आठवडे बाजूला ठेवून मग एकेक परत. त्यांना कच्चा कांदा आणि घेवडा सोसला नाही, मटकी थोडीशी सोसली. जे सोसते ते परत ताटात आलेच पाहिजे, नाहीतर माणूस वरणभातावर वाळतो. कळ तरीही राहिली, म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन दहा मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये कौटुंबिक डॉक्टरांच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅटलांटिस चाचणीत दहा ते तीस मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेचा उपयोग दिसला आहे. पण या औषधाने बद्धकोष्ठ वाढते, म्हणून मिश्र प्रकारात वाढवताना सावध राहावे लागते. आम्ही दहावरच थांबलो. ही नैराश्याची गोळी 'तुम्ही वेडे आहात' म्हणून दिलेली नाही, आतड्याच्या नसांसाठी दिली आहे, हे देण्याआधीच सांगावे. नंतर सांगितले तर गोळी कचऱ्यात जाते.

बाई पूर्ण बऱ्या झाल्या असे मी म्हणणार नाही. तोडणीच्या धांदलीत पोट अजून बिघडते. पण त्यांच्या फाईलवरचा 'जुनी आव' खोडून तिथे 'संसर्गोत्तर आयबीएस, मिश्र प्रकार' असे लिहिले आहे. खाली दर भेटीचे वजन लिहिण्याची ओळ आखली आहे. ते वजन कारण नसताना तीन किलोंनी उतरले, तर निदान मी नव्याने तपासेन आणि त्यांना मिरजेला पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवीन.