मास्तरांस निरोप
(महोत्सवाच्या स्नेहभोजनप्रसंगीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



पानें वाढलीं आहेत, तेव्हां आपला अधिक वेळ मी घेणार नाहीं. आमचे मास्तर चाळीस वर्षें या धर्मग्रामाच्या कचेरींत नोंदवह्या सांभाळून आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या गुणांची यादी वाचूं लागलों तर ते उठून जातील. म्हणून एकच गोष्ट सांगतों.

2005 सालच्या जुलै महिन्यांतील अतिवृष्टि आपण विसरलां नसाल. त्या वेळीं मी येथें सहायक धर्मगुरु म्हणून नवाच आलों होतों. कचेरींत पाणी शिरलें आणि कपाटाच्या खालच्या फळीवरील बाप्तिस्म्याची वही चिंब भिजली. पुढें ऊन पडतांच मी ती अंगणांत उघडी ठेवावयास निघालों. मास्तर धांवत आले. "फादर, उन्हांत नको! पानें आक्रसतील, वांकतील." त्यांनीं वही सावलींत, वारा खेळेल अशा जागीं ठेवली. दर कांहीं पानांआड टिपकागद घातला. तो ओला झाला कीं काढून दुसरा घातला. पानें लवकर सुकलीं नाहींत तर बुरशी धरते, म्हणून तीन रात्री ते घरीं गेले नाहींत. शेवटीं पानें किंचित दमट असतांना त्यांवर फळी व वजन ठेवलें.

जुन्या काळ्या शाईच्या नोंदी जशाच्या तशा राहिल्या. परंतु फाउंटनपेनच्या निळ्या शाईच्या कांहीं नोंदी पार पुसून गेल्या. त्यांतील एक मास्तरांच्या स्वतःच्या मुलाची होती. मी म्हटलें, "मास्तर, तारीख आपणांस पाठ आहे; पुन्हा लिहून टाका."

ते म्हणाले, "फादर, माझी आठवण म्हणजे नोंद नव्हे. इतरांच्या मुलांस जो नियम, तोच माझ्या मुलास."

आणि ज्या घरांतील नोंदी गेल्या होत्या, त्या प्रत्येक घरीं ते छत्री घेऊन चिखल तुडवीत गेले. कोठें जुना दाखला मिळाला, कोठें धर्ममातापित्यांची साक्ष. आपल्या मुलाच्या धर्ममातेची साक्षही त्यांनीं तिच्या सहीनिशीं आणली, मजपुढें ठेवली, आणि लेखणी माझ्या हातीं दिली. ती एक नोंद त्यांनीं स्वतः लिहिली नाहीं.

गेल्या वर्षीं त्या मुलाचा विवाह झाला. नियमाप्रमाणें बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासांत विवाहाची नोंद करावयास मी तीच वही उघडली. पानाच्या कडांवर पाण्याचा डाग अजून आहे. पण अक्षर न् अक्षर वाचतां येतें. आपल्यांपैकीं पुष्कळांचीं नांवें त्या वहींत आहेत, आणि तीं तेथें आहेत याचें कारण आज आपल्यामध्यें मान खालीं घालून बसलें आहे.

मास्तर, आतां घरीं स्वस्थ झोंपा. पाऊस आला तर कपाट मी पाहीन. बंधुभगिनींनो, पेले उचला: मास्तरांस व त्यांच्या घरच्या मंडळीस दीर्घायुष्य व आरोग्य लाभो!